शंकू एक तृतीयांशच का? अर्धा का नाही?

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप)

आजचा भाग ऐकताना जमलं तर कागद-पेन जवळ ठेवा. बसमध्ये उभे असाल तर आकृत्या नुसत्या डोळ्यांसमोर आणा, तेवढ्यानेही काम होईल.

मागच्या आठवड्यात माझ्या भाचीचा फोन आला. दहावीत आहे. म्हणाली, "मावशी, महत्त्वमापनाचा धडा चालू आहे. शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश का असतं गं? त्रिकोण तर आयताच्या अर्धा असतो. मग शंकूपण अर्धाच असायला हवा ना?"

मी लगेच म्हटलं, "अगं, सोपं आहे. सारख्याच तळाचा आणि सारख्याच उंचीचा शंकू घे, तीनदा पाणी भरून वृत्तचितीत ओत. बरोबर भरते."

ती म्हणाली, "ते शाळेत करून दाखवलं. पण ते मोजणं झालं. कारण कुठे आहे?"

मी गप्प बसले. कारण मी स्वतः काही वर्षं शिकवण्या घेतल्यात, आणि हाच प्रश्न विचारणाऱ्या एका मुलाला मी "सूत्र आहे, पाठ कर" असं सांगून गप्प केलं होतं. त्याला काही आता शोधता येणार नाही. म्हणून आज हे उत्तर नीट देते.

सुरुवात भाचीच्या "अर्धा"पासून करू. त्रिकोणाची रुंदी तळापासून टोकापर्यंत एकसारखी कमी होत जाते. मध्यावर ती बरोबर निम्मी असते, म्हणून क्षेत्रफळही निम्मं. आता शंकू मध्यावर आडवा कापा. त्रिज्या निम्मी झाली, हे खरं. पण कापलेल्या चकतीचं क्षेत्रफळ? ते त्रिज्येच्या वर्गावर चालतं. निम्म्याचा वर्ग म्हणजे पाव. त्या उंचीवर वृत्तचितीची चकती पूर्ण आहे आणि शंकूची फक्त पाव. म्हणजे शंकू अर्ध्यापेक्षा कमी भरणार, हे इथेच कळलं. पण नेमका एक तृतीयांशच का?

त्यासाठी एक खोली डोळ्यांसमोर आणा. लांबी, रुंदी, उंची सगळं सारखं, म्हणजे घनाकृती खोली. जमिनीवर एका कोपऱ्यात टेकून बसा आणि टॉर्च लावा. दोन भिंती आणि जमीन तुम्हाला चिकटलेली आहे. उरल्या तीन बाजू: समोरची भिंत, बाजूची पलीकडची भिंत आणि छत. टॉर्च कुठेही फिरवा, उजेड या तिघांपैकी कुठेतरी पडणार. समोरच्या भिंतीवर पडणारे सगळे किरण एकत्र धरले, तर एक पिरॅमिड होतो. त्याचा तळ ती भिंत आणि टोक तुम्ही. दुसऱ्या भिंतीचाही असाच एक, छताचाही एक. तीन पिरॅमिड, तिन्ही हुबेहूब सारखे, आणि तिघांनी मिळून सगळी खोली भरली. मग प्रत्येक किती? खोलीच्या एक तृतीयांश. तो "तीन" इथून येतो.

"पण मावशी, हा चौकोनी आहे, वर त्याचं टोकही एका कोपऱ्यावर आहे. शंकू तर गोल!" हा प्रश्नही आलाच.

नाण्यांची एक चळत घ्या आणि तिला बाजूने ढकलून तिरकी करा. आकार बदलला, पण नाणी तेवढीच आहेत, म्हणजे घनफळही तेवढंच. दोन वस्तूंचे प्रत्येक उंचीवरचे काप सारख्या क्षेत्रफळाचे असतील, तर दोन्हींचं घनफळ सारखंच. याला कॅव्हेलिएरीचं तत्त्व म्हणतात. कॅव्हेलिएरी हा इटलीतला गणिती, त्याचं यावरचं पुस्तक १६३५ मध्ये आलं. या तत्त्वाला टोक मध्यावर आहे की कोपऱ्यावर याच्याशी देणंघेणं नाही. आणि गोल-चौकोनाचं काय? पिरॅमिड असो की शंकू, टोकापासून निम्म्या अंतरावरचा काप तळाच्या पाव असतो, एक तृतीयांश अंतरावरचा नववा हिस्सा. दोघेही एकाच नियमाने आकसतात. म्हणून पिरॅमिड जर आपल्या सरळ ठोकळ्याच्या एक तृतीयांश, तर शंकूही आपल्या वृत्तचितीच्या एक तृतीयांश:

V = (1/3)πr²h

आता गोल. इथे तीच काप करण्याची युक्ती वापरू, आणि आकडे घेऊनच बघू.

५ सेंमी त्रिज्येचा अर्धगोल टेबलावर पालथा ठेवा, सपाट बाजू खाली. शेजारी ५ सेंमी त्रिज्येची आणि ५ सेंमी उंचीची वृत्तचिती. तिच्यातून एक शंकू कोरून काढा. शंकूचं तोंड वर, टोक खाली तळाच्या मध्यावर. उंची ५, त्रिज्या ५. हे दोन्ही आकडे सारखे असणं महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

टेबलापासून ३ सेंमी उंचीवर दोन्ही वस्तू कापा.

अर्धगोलाच्या कापाची त्रिज्या पायथागोरसने मिळते. कर्ण ५, एक बाजू ३, म्हणून दुसरी ४. कापाचं क्षेत्रफळ १६π.

कोरलेल्या वृत्तचितीचा काप म्हणजे मध्ये भोक असलेली चकती, मेदुवड्यासारखी. बाहेरची त्रिज्या ५, म्हणून २५π. भोकाची त्रिज्या ३, कारण या शंकूत टोकापासून जितकं वर जाल तितकीच त्रिज्या. म्हणून ९π वजा. उरले १६π.

सारखेच! आणि ही ३ या आकड्याची गंमत नाही. कुठलीही उंची y घ्या, दोन्हीकडे π(r² − y²) येतं. म्हणजे अर्धगोलाचं घनफळ वृत्तचिती वजा शंकू. पूर्णातून एक तृतीयांश गेला, दोन तृतीयांश राहिला. पूर्ण गोलासाठी वृत्तचितीची उंची 2r घ्या. तिचं घनफळ 2πr³, त्याचं दोन तृतीयांश म्हणजे:

V = (4/3)πr³

सारख्याच रुंदीचे आणि 2r उंचीचे शंकू, गोल, वृत्तचिती शेजारी ठेवले, तर घनफळं १ : २ : ३. गोल आणि वृत्तचितीचं हे नातं आर्किमिडीजने सिद्ध केलं, अर्थात वेगळ्या वाटेने. सिसिलीतल्या सिराक्यूजमध्ये इ.स.पू. २१२ मध्ये तो मारला गेला. इ.स.पू. ७५ च्या सुमारास रोमन अधिकारी सिसेरो तिथे गेला, तेव्हा काटेरी झुडपांत हरवलेली त्याची समाधी त्याने ओळखली. कशावरून? खांबावर कोरलेल्या गोल आणि वृत्तचितीवरून.

आता पृष्ठफळ. इथे खूप जण घसरतात.

घनफळाला काप चालले, म्हणून पृष्ठफळालाही चालतील असं वाटतं. शंकूच्या चकत्यांचा घेर तळाशी 2πr, टोकाला शून्य. सरासरी πr. गुणिले उंची, म्हणजे πrh. दिसायला अगदी बरोबर वाटतं ना? तपासून बघू. शंकू दाबत दाबत सपाट करा, उंची शून्य. πrh म्हणतं, पृष्ठफळ शून्य. पण समोर तर πr² क्षेत्रफळाची अख्खी चकती पडलीय! म्हणजे उत्तर चुकलं.

चूक अशी: आपण शंकूच्या जागी पायऱ्या मोजल्या. चकत्या पातळ केल्या की पायऱ्यांच्या कोपऱ्यातलं जास्तीचं घनफळ संपत जातं. पण पायऱ्यांच्या उभ्या कडांची बेरीज कायम उंचीएवढीच राहते, कितीही बारीक करा. शंकूची खरी कड उतरती आहे आणि उतार उंचीपेक्षा लांब असतो.

म्हणून उंचीच्या जागी तिरकस उंची l घ्यायची. खात्री हवी तर कागदाचा शंकू एका रेषेवर कापून उलगडा. वर्तुळपाकळी मिळेल. तिच्या टोकापासून बारीक बारीक पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टी जवळजवळ त्रिकोणच, उंची l, आणि सगळ्यांचे तळ मिळून 2πr. त्रिकोण म्हणजे निम्मं, म्हणून वक्रपृष्ठफळ πrl. त्रिज्या ५ आणि उंची १२ असेल तर तिरकस उंची १३. उत्तर ६५π, चुकीच्या वाटेने ६०π. फरक थोडा दिसतो म्हणूनच चूक पकडली जात नाही.

आणि आता बघा. तितकीच तिरकस उंची l ही उंची असलेल्या वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ 2πrl. शंकूचं त्याच्या बरोबर अर्धं! भाचीचा "अर्धा" खोटा नव्हता, फक्त जागा चुकली होती. घेर त्रिज्येच्या पटीत कमी होतो, म्हणून पृष्ठफळात अर्धा. चकती वर्गाच्या पटीत कमी होते, म्हणून घनफळात एक तृतीयांश.

राहिलं गोलाचं पृष्ठफळ. गोलाच्या मध्यभागी बसून तोच टॉर्च लावा. पृष्ठभागाचे बारीक बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्यापासून तुमच्यापर्यंत एक निमुळता पिरॅमिड, उंची r. सगळ्यांचं घनफळ मिळून (1/3) × r × S, इथे S म्हणजे पृष्ठफळ. हे (4/3)πr³ एवढं असायला हवं. म्हणून S = 4πr².

गोल जिच्यात नेमका बसतो त्या वृत्तचितीचं वक्रपृष्ठफळ काढा: घेर 2πr गुणिले उंची 2r, म्हणजे 4πr². तेच! वरखालची झाकणं धरली तर 6πr², म्हणजे गोल पुन्हा दोन तृतीयांश.

एवढं झाल्यावर भाचीला फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मावशी, खोलीच्या कोपऱ्यात बसलं की सूत्र आठवतं." मी म्हटलं, परीक्षेच्या हॉलमध्ये डोळे मिटून बस, कोणी काही म्हणणार नाही.

आणि तो शिकवणीतला मुलगा, आता मोठा झाला असेल, चुकून हा भाग ऐकत असलास तर हे उत्तर तुझं होतं. द्यायला उशीर झाला. भेटू पुढच्या भागात!