वाटीतले पाणी कोणाचे?

जलचक्राचा पाठ शाळेत बहुधा फळ्यावरच्या चित्राने सुरू होतो आणि तेथेच संपतो. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस डोंगर, वर ढग आणि ह्या सर्वांस जोडणारे बाण. मुले ते चित्र सुबक काढतात. बाष्पीभवन, सांद्रीभवन हे शब्दही अचूक लिहितात. परंतु त्याच मुलांस, 'रात्री पडवीत वाळत घातलेला पंचा सकाळी कोरडा झाला, त्यातले पाणी गेले कोठे?' असे विचारून पाहावे. कोणी म्हणतो, ते कापडातच जिरले. कोणी म्हणतो, सूर्याने ओढून घेतले. रात्री सूर्य कोठून आला, हा विचार त्याच्या मनात येत नाही. बाण पाठ झालेले असतात, पाणी मात्र वाटेत हरवलेले असते.

हे हरवलेले पाणी मुलांच्या हाती परत आणून देण्यास फारशी सामग्री लागत नाही. एक रुंद तोंडाचे पातेले, त्यात उभी राहील अशी लहान जड वाटी, पातेल्याचे तोंड झाकेल इतका पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद, सुतळी, एक गुळगुळीत खडा आणि थोडे बर्फ एवढे पुरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा अर्धा लिटर गरम पाण्यात तीन सपाट चमचे मीठ विरघळविले, की वर्गापुरता समुद्र तयार झाला. पाणी हाताला सोसवेल इतकेच गरम असावे. ते पातेल्यात ओतून मधोमध कोरडी वाटी ठेवावी. वाटीचा काठ पाण्याच्या वर राहिला पाहिजे, आणि ती तरंगू लागल्यास तिच्यात एक स्वच्छ धुतलेला दगड घालावा. मग कागद सैलसर पसरून सुतळीने घट्ट बांधावा, त्यावर वाटीच्या नेमका वर खडा ठेवावा आणि खड्याभोवती बर्फ रचावे.

हा खडा क्षुल्लक दिसतो, पण पुष्कळांचा प्रयोग त्याच्यावाचूनच फसतो. कागद ताणून सपाट बांधला, तर थेंब जेथल्या तेथे चिकटून राहतात किंवा काठाकडे ओघळतात, आणि वाटी कोरडीच राहते. खड्याच्या भाराने कागद मध्ये खोलगट झाला, म्हणजे थेंब उतरणीने खाली येऊन वाटीत पडतात. अर्ध्या तासात वाटीच्या तळाशी चमचाभर, कधी त्याहूनही कमी पाणी जमते. कागद आतून धुकटच झाला नाही, तर सुतळी कोठेतरी सैल आहे असे समजावे. ही जुळवाजुळव मुलांनीच करावी. शिक्षकाने तयार करून आणलेले पातेले म्हणजे फळ्यावरचेच चित्र, फक्त धातूचे.

तथापि प्रयोग जुळला म्हणून समज आली, असे होत नाही. एका वर्गातील हकीकत पाहा. पातेले बांधून झाल्यावर तेथील शिक्षकाने अर्धा तास जाऊ देण्यापूर्वीच एक प्रश्न घातला: 'वाटीत पाणी जमले, तर ते कोणाचे असेल, आणि चवीला कसे लागेल?' प्रत्येकाने उत्तर आपल्या पाटीवर लिहून पाटी पालथी ठेवावयाची होती. पुढे पाट्या उलटल्या तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले होते की, पाणी बर्फाचे असेल, ते वितळून कागदातून झिरपेल. ह्या उत्तरास हसण्याचे कारण नाही. कागदाच्या खळग्यात वितळलेले पाणी साचलेले डोळ्यांस दिसत होते आणि बरोबर त्याच्याच खाली थेंब लोंबत होते. गळक्या छपराखाली राहणाऱ्या मुलाने दुसरा कोणता तर्क करावा? जी मुले उरली, त्यांपैकी बहुतेकांनी पाणी खारट लागेल असे लिहिले, कारण ते 'समुद्राचे' होते.

शिक्षकाने कोणासही चूक म्हटले नाही. ह्याचा निकाल कसा लावता येईल, एवढेच त्याने विचारले. एका मुलीने सुचविले की, बर्फ रंगीत करावे. दुसऱ्या दिवशी निळी शाई मिसळून गोठविलेले बर्फ आले. कागदावर निळे डबके साचले, वाटीत मात्र स्वच्छ पाणी पडले. झिरपण्याचा पक्ष तेथे संपला. खारटपणाची परीक्षा जिभेने घेण्यापेक्षा पाटीवर घेणे चांगले. पातेल्यातल्या पाण्याचा एक थेंब आणि वाटीतल्या पाण्याचा एक थेंब काळ्या पाटीवर शेजारी शेजारी ठेवून ती उन्हात ठेवली; पहिल्याच्या जागी पांढरा डाग उरला, दुसऱ्याच्या जागी काही नाही. दुसऱ्या जागीही पुसट डाग दिसला, तर पातेले हलविताना खारे पाणी वाटीत उडाले, असे समजून प्रयोग पुन्हा करावा. ह्यावर एका मुलाने आपण होऊन मिठागराची गोष्ट काढली: तेथे लोक मागे राहिलेले मीठ गोळा करतात आणि पाणी जाऊ देतात, येथे आपण पाणी धरले आणि मीठ मागे ठेवले. असे बोलणे कानी पडले, की पाठ त्या मुलापर्यंत पोहोचला असे खुशाल समजावे.

खरी समज तपासावयाची ती प्रयोगात एकच गोष्ट बदलून. गरम पाण्याऐवजी माठातले पाणी घेतले तर काय होईल? 'काहीच होणार नाही, पाणी उकळल्यावाचून वाफ होत नाही,' असे बहुतेक मुले लिहितात. पण वर बर्फ असले, तर काही वेळाने कागद आतून धुकट होतोच. थेंब तेवढे सावकाश धरतात. मग पडवीतला पंचा रात्री कसा वाळला, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

येथवर पातेले खरे बोलते. ह्यापुढे मात्र ते दिशाभूल करू लागते, आणि शिक्षकाने हे जाणून असले पाहिजे. आकाशात थंड झाकण नाही. हा प्रयोग पाहून आलेले मूल, वर कोठेतरी गार छत असून ढग त्याला चिकटतात, अशी समजूत करून घेण्याचा संभव फार आहे. वस्तुतः हवा वर चढते, वरचा दाब कमी असल्याने ती फुगते आणि फुगताना स्वतःच थंड होते. मग तिच्यातली वाफ हवेतल्या सूक्ष्म धूलिकणांवर किंवा मिठाच्या कणांवर बारीक थेंबांच्या रूपाने बसते. फुगणारी हवा गार होते, हे दाखविण्यास सायकलच्या फुगलेल्या चाकाची हवा सोडून तिच्यापुढे बोट धरले तरी पुरे.

ह्याचसाठी त्या शिक्षकाने शेवटचा प्रश्न निराळा ठेवला होता. पश्चिम समुद्रावरून येणारे वारे सह्याद्री चढतात तेव्हा महाबळेश्वरास धो धो पाऊस पडतो आणि घाटाखाली पूर्वेस असलेल्या वाईला त्याच्या मानाने फारच थोडा. 'आपल्या पातेल्यात महाबळेश्वर कोठे आणि वाई कोठे?' मुलांनी बराच वेळ पातेल्याकडे पाहिले. कोणी खड्याला महाबळेश्वर म्हटले, कोणी वाटीला. रंगीत बर्फ सुचविणारी ती मुलगी अखेर म्हणाली, "गुरुजी, ह्यात वाई नाहीच. ह्यातली हवा डोंगर चढतही नाही आणि उतरतही नाही." शिक्षकाने खडू तिच्या हाती दिला आणि जे पातेल्यात नाही, ते फळ्यावर काढावयास सांगितले.