वीस हजारांचे तीन हजार कसे झाले

आज आपण ज्या पैशांबद्दल बोलणार आहोत, ते हातात धरता येत नाहीत. बिटकॉइन आणि तशीच इतर डिजिटल नाणी. दोन-तीन वर्षांपूर्वी हा विषय आमच्या बैठकीत आला असता तर आम्ही हसून सोडून दिला असता. पण गेल्या ऑगस्टच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटणार एवढ्यात आमच्यातली एक ताई म्हणाली, "जरा थांबा. भाचा म्हणतोय, मावशी, वीस हजार टाक, पुढच्या दिवाळीला दुप्पट होतील. टाकू का?"

लगेच दोन आवाज उठले. एक म्हणाली, "जुगार आहे, हात लावू नकोस." दुसरी म्हणाली, "मग गटाच्या शिल्लकेतून दहा हजार टाकून बघू या की."

दुसऱ्या आवाजाचं आधी मिटवलं. गटाच्या बचतीत प्रत्येकीच्या घामाचे पैसे असतात आणि बँकेचं कर्ज आपण एकमेकींच्या भरवशावर घेतो. म्हणून गटाचा एक रुपयाही यात जाणार नाही आणि यासाठी गटातून कर्जही मिळणार नाही, हे आम्ही ठरावात लिहिलं. पण ताईचे पैसे ताईचे होते. नुसतं "नको" म्हटलं असतं तर तिने ते गुपचूप टाकले असते. म्हणून आम्ही म्हटलं, "ताई, हिशेब मांडू. टाकायचं की नाही हे तुझं तुलाच दिसेल."

ताईचा घरखर्च महिन्याला 18,000 रुपये. बँकेत साठलेले 70,000. दर महिन्याला 3,000 बाजूला पडतात. गटाच्या कर्जापैकी 15,000 बाकी, दरमहा 1,500 चा हप्ता आणि वर शेकडा एक टक्का व्याज. आणि पुढच्या जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी, 30,000.

आधी अडीअडचणीचे पैसे. ताईचे मालक टेम्पो चालवतात. गाडी बंद पडली, कुणी आजारी पडलं, तर तीन महिने चूल पेटली पाहिजे. अठरा त्रिक चोपन्न. सत्तर हजारांतले 54,000 बांधून ठेवले, उरले 16,000. फीसाठी सप्टेंबर ते जून असे दहा महिने होते, दरमहा 3,000 टाकले की बरोबर 30,000. म्हणजे चालू बचतही बांधली गेली. राहिलं कर्ज. ते आजच फेडलं तर पुढच्या दहा हप्त्यांवरचं 825 रुपये व्याज वाचतं. नाणं वाढेल की पडेल हे कुणालाच ठाऊक नाही, हे 825 मात्र हमखास आहेत. ताईने 15,000 भरायचं कबूल केलं. सोळातून पंधरा गेले. उरले 1,000.

ताई वहीकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे माझ्याकडे वीस हजार होतेच कुठे?"

खरंच नव्हते. बँकेत दिसणारे पैसे मोकळे वाटतात, पण बहुतेकांवर कुणाचं तरी नाव लिहिलेलं असतं. ते वीस हजार टाकले असते तर त्यातले काही फीचे असते, काही आजारपणाचे.

पण कर्ज फिटल्यामुळे दर महिन्याचा 1,500 चा हप्ता मोकळा झाला. आता प्रश्न असा की त्यातले किती टाकायचे. पुस्तकात टक्के सांगतात, पण टक्क्यांनी आपल्याला काही दिसत नाही. म्हणून आम्ही तोटा महिन्यांत मोजला. ताईला विचारलं, "हे सगळे पैसे बुडाले, एक छदाम परत आला नाही, तर तुझं काम किती महिने मागे गेलेलं चालेल?" ती विचार करून म्हणाली, "एक महिना. त्याहून जास्त गेलं तर मला झोप लागणार नाही." तिची एका महिन्याची बचत 3,000. तीच मर्यादा ठरली. दोन महिन्यांचे मोकळे झालेले हप्ते त्यात जाणार आणि तिसऱ्या महिन्यापासून तोच हप्ता पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. फीला धक्का नाही, 54,000 ना धक्का नाही.

"सगळे बुडाले तर" असं आम्ही घाबरवायला म्हणत नाही. सगळ्यांत जुनं आणि नावाजलेलं नाणं बिटकॉइन. नोव्हेंबर 2021 मध्ये त्याचा भाव सुमारे 69,000 डॉलर होता, वर्षभरात तो 16,000 च्या आसपास आला. म्हणजे शंभराचे पंचवीससुद्धा राहिले नाहीत. पंचवीसचे पुन्हा शंभर व्हायला भाव चौपट व्हावा लागतो. तो भाव परत दिसायला मार्च 2024 उजाडला. ज्यांना मध्येच फी भरायची होती, त्यांना थांबता आलं नसणार. आणि हे टिकलेल्या नाण्याचं. लुना नावाचं नाणं मे 2022 च्या सुरुवातीला 80 डॉलरच्या आसपास होतं. दहा-बारा दिवसांत त्याची किंमत एका सेंटच्याही खाली गेली. ते परत आलंच नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, स्टॉप लॉस लावतो. भाव अमुक खाली गेला की आपोआप विकलं जातं." ही सोय खरी आहे. पण हा बाजार रात्रंदिवस चालू असतो. भाव कोसळायला लागला की विकणारे हजार आणि घेणारा कुणी नाही, अशा वेळी तुम्ही लिहिलेल्या भावाला विक्री होत नाही, कितीतरी खाली होते. कधी ॲपच उघडत नाही. 2024 च्या जुलैमध्ये आपल्या देशातल्या एका मोठ्या एक्सचेंजवरून नाणी चोरीला गेली आणि ग्राहकांचे पैसे पुढे कित्येक महिने अडकून राहिले. तिथे स्टॉप लॉस काय करणार? म्हणून खरी मर्यादा एकच, टाकलेली रक्कम. पण ती मर्यादा टिकायची तर दोन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, उसने घेऊन मोठा सौदा करण्याच्या भानगडीत पडायचं नाही. फ्युचर्स, लिव्हरेज असे शब्द ॲपवर दिसले की ते हेच. त्यात भाव थोडा हलला तरी सगळी रक्कम साफ होते. दुसरी, भाव पडला म्हणून "आता स्वस्त मिळतंय" असं म्हणत वर पैसे घालायचे नाहीत. तीन हजारांचे सहा आणि सहाचे बारा होतात ते याच वाटेने.

आता कराचं. हे भाच्यालाही माहीत नव्हतं. 1 एप्रिल 2022 पासून डिजिटल नाण्यांच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे आणि त्या करावर 4 टक्के उपकर. तुमचं बाकीचं उत्पन्न कराच्या मर्यादेखाली असलं तरी हा कर लागतो. आणि एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

उदाहरण घेऊ. ताईने दोन नाणी घेतली. एकात 1,500 नफा झाला, दुसऱ्यात 1,500 तोटा, आणि दोन्ही विकली. हातात काय आलं? शून्य. पण सरकारच्या हिशेबी नफा 1,500. त्यावर 450 कर आणि 18 उपकर, मिळून 468 रुपये भरायचे. कमाई नाही आणि कर मात्र आहे. म्हणून ताईने ठरवलं की चार नाणी चाखत बसायचं नाही, एकच घ्यायचं.

विकताना रकमेच्या एक टक्का टीडीएस कापला जातो, तो पुढे कराच्या हिशेबात धरला जातो. या कापलेल्या टक्क्याचा दुसरा उपयोगही आहे, खरंखोटं ओळखण्याचा. तो तुमच्या पॅनवर, प्राप्तिकराच्या 26एएस या पत्रकात दिसायला हवा. ॲप म्हणतं कापला आणि पत्रकात काही दिवसांनी-महिन्यांनीही काहीच नाही, तर ते ॲप संशयास्पद समजा. खोटी ॲप ओळखायच्या आणखी दोन खुणा. पैसे कुणा माणसाच्या यूपीआयवर पाठवायला सांगतात. आणि पडद्यावर मोठा नफा दाखवून म्हणतात, "काढायचा तर आधी कर भरा." खरा कर आपण सरकारला भरतो, ॲपला कधीच नाही. सुरुवातीला पाचशे रुपये काढू देतात म्हणूनही भुलू नका, तो गळाला लावलेला तुकडा असतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 या क्रमांकावर तक्रार करा. एक्सचेंज केंद्र सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेलं आहे का, हे आधीच बघा. पण त्या नोंदणीचा अर्थ पैसे सुरक्षित असा नाही. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही.

शेवटी ताईने वहीच्या मागच्या पानावर चार ओळी लिहिल्या आणि भाच्याची सही घेतली. एकूण 3,000, त्यावर एक रुपया नाही. एकच नाणं, उसनवारी नाही. दुप्पट झालं तर निम्मं विकून मुद्दल काढायचं. आणि पुढच्या जूनमध्ये, फी भरल्यावर, पुन्हा बघायचं. रोज भाव बघायचा नाही.

तिसऱ्या ओळीचा हिशेबही तिथेच केला. 3,000 चे 6,000 झाले आणि निम्मं विकलं तर हातात 3,000 येतात. त्या निम्म्याची खरेदी 1,500 ची, म्हणून नफा 1,500 आणि कर तोच, 468. तेवढे बाजूला ठेवले की मुद्दल पुरतं निघालंच नाही.

पहिला आवाज, जुगार म्हणणारी ती मावशी, हे सगळं ऐकून म्हणाली, "मी तरी टाकणार नाही." तिच्यावर मुलाच्या दवाखान्याचं कर्ज आहे. तिच्या वहीत मोकळा रुपया नाही, म्हणून तिचं उत्तरही बरोबर आहे. ताईचं तीन हजार आणि मावशीचं शून्य, दोन्ही एकाच हिशेबातून आले.

तुमच्याही घरी कुणी भाचा, दीर किंवा मुलगा असं विचारत असेल, तर त्याच्याशी भांडू नका. वही काढा, तीन महिन्यांचा खर्च, कर्ज आणि ठरलेली कामं वजा करा आणि जे उरेल ते त्याला दाखवा. आमच्या ताईचे वीस हजारांचे तीन हजार झाले ते कागदावर, एक पैसाही बुडण्याआधी.