‘चौकशी चालू आहे’ म्हणून माहिती नाकारली? पहिलं अपील असं लिहा
(बनेद अल-गारमध्ये शुक्रवारच्या बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)

आज सुट्टी आहे, कपडे धुवायचे आहेत, घरी फोन करायचा आहे, तरी तुम्ही आलात. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माहितीचा अर्ज कसा करायचा हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना आता जमतं. अडतं ते पुढे. एका ओळीचं उत्तर येतं, ‘माहिती देता येत नाही’, आणि आपण तो कागद उशीखाली ठेवून गप्प बसतो. तो कागद हातात आला की करायचं असतं पहिलं अपील. आज फक्त तेवढंच बोलू.

आधी एक गोष्ट साफ करतो, नाहीतर नंतर गोंधळ होतो. हा भारताचा कायदा आहे, माहितीचा अधिकार अधिनियम, 2005. कुवेतच्या मनुष्यबळ खात्याची किंवा इथल्या कंपनीची फाईल याने उघडत नाही. भारत सरकारची कार्यालयं, आपला दूतावास आणि महाराष्ट्र सरकारची कार्यालयं याखाली येतात. तुम्ही परदेशात राहता म्हणून तुमचा हक्क जात नाही. कायद्यात ‘नागरिक’ असा शब्द आहे, भारतात राहणारा असं कुठेही म्हटलेलं नाही. पासपोर्ट भारताचा आहे ना? मग झालं.

आता एक उदाहरण घेऊ. ते मी समजण्यासाठी रचलंय, पण तुमच्यापैकी काहींना ओळखीचं वाटेल. समजा, गुहागरकडचा एक सुतार आहे. इथे येताना एजंटने त्याच्याकडून 1,20,000 रुपये घेतले. सरकारी नियमाने एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं. त्याने एजंटांविरुद्धच्या तक्रारी जिथे जातात त्या केंद्र सरकारच्या मुंबईतल्या कार्यालयात लेखी तक्रार केली. सहा महिने काहीच कळलं नाही. मग 3 मार्चला माहितीचा अर्ज टाकला आणि तीन गोष्टी मागितल्या: माझ्या तक्रारीवर आजवर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली, एजंटला पाठवलेल्या नोटिशीची व त्याच्या उत्तराची प्रत, आणि सध्या फाईल कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याकडे आहे. अर्ज चांगला आहे. ‘माझे पैसे कधी मिळणार’ असा प्रश्न त्यात नाही. कार्यालयाच्या कागदावर जे आहे तेच मागितलंय, आणि या कायद्याने तेवढंच मिळतं.

28 मार्चला उत्तर हातात पडलं: ‘प्रकरण चौकशीखाली असल्याने कलम 8(1)(एच) अन्वये माहिती देता येत नाही.’ बस्स, एवढंच.

हे कलम समजून घ्या, कारण आपल्या तक्रारींवर बहुतेक वेळा हेच फेकलं जातं. मराठी प्रतीत याचं अक्षर ‘ज’ छापलेलं असतं आणि इंग्रजीत ‘एच’. खासगी माहितीचं कलम इंग्रजीत ‘जे’ आहे आणि मराठीत ‘ञ’. त्यामुळे ‘ज’ आणि ‘जे’ यांची गल्लत होते, अपील लिहिताना तेवढं तपासा. तर हे ‘एच’ काय म्हणतं? ज्या माहितीमुळे तपासाला, गुन्हेगार पकडायला किंवा खटला चालवायला अडथळा येईल, ती माहिती नाकारता येते. महत्त्वाचा शब्द ‘अडथळा’ आहे. तपास चालू असणं ही एक गोष्ट, आणि कागद दिल्याने तपासाला अडथळा येणं ही दुसरी. कार्यालय पहिली सांगून दुसरी झाली असं गृहीत धरतं.

यावर दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आहे, 3 डिसेंबर 2007 चा. प्रकरणाचं नाव भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त. त्या माणसाने आयकर खात्याकडे करचुकवेगिरीची तक्रार केली होती आणि पुढे काय झालं ते माहितीच्या अर्जाने विचारलं. खात्याने हेच कलम दाखवून नाकारलं. वरच्या अधिकाऱ्याकडे केलेलं अपीलही फेटाळलं गेलं. शेवटी न्यायमूर्ती रवींद्र भट यांनी सांगितलं की नुसती चौकशी चालू आहे हे माहिती नाकारायला पुरेसं कारण नाही. माहिती दिल्याने चौकशीला अडथळा कसा येईल, याची समाधानकारक कारणं अधिकाऱ्याने दाखवायला हवीत. आपल्या सुताराची अडचण जवळपास तीच आहे, म्हणून अपिलात या निकालाचं नाव आणि तारीख घालायची.

अपील कुणाकडे? त्याच कार्यालयात जन माहिती अधिकाऱ्यापेक्षा वरच्या दर्जाचा अधिकारी प्रथम अपिलीय अधिकारी म्हणून नेमलेला असतो. कलम 7(8) सांगतं की नकार देताना तीन गोष्टी कळवल्याच पाहिजेत: नकाराची कारणं, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील. सुताराच्या उत्तरात शेवटच्या दोन नव्हत्याच, आणि पहिलीच्या नावाने फक्त कलमाचा आकडा होता. नाव दिलेलं नसलं तर ‘प्रथम अपिलीय अधिकारी’ आणि खाली कार्यालयाचा पत्ता, एवढं लिहून पाठवा. नाव मिळेपर्यंत थांबू नका, कारण मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

मुदत 30 दिवस. उत्तर हातात आलं त्या तारखेपासून मोजायची, म्हणजे आपल्या सुताराला 27 एप्रिलपर्यंत. उत्तरच आलं नसतं तर? 3 मार्चच्या अर्जाचे 30 दिवस 2 एप्रिलला संपले असते आणि तिथून पुढचे 30 म्हणजे 2 मेपर्यंत अपील करता आलं असतं. उशीर झालाच तर कलम 19(1) खाली सबळ कारण लिहून उशीर माफ करायची विनंती करता येते. दवाखान्यात होतो, सुट्टीच मिळाली नाही, पत्र गावी गेलं आणि मला उशिरा कळलं, अशी कारणं पुराव्यासह द्या. पण त्यावर विसंबू नका, कारण माफ करणं न करणं त्या अधिकाऱ्याच्या हातात आहे. आणखी एक लहानशी गोष्ट: आपलं घड्याळ भारताच्या अडीच तास मागे आहे. शेवटच्या दिवशी इथे रात्री साडेनऊ वाजले की भारतात तारीख बदललेली असते.

आता अपिलाचा मजकूर. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे पहिल्या अपिलाला ठरलेला नमुना नाही आणि फी नाही. कागदावर वर तुमचं नाव, पत्ता, अर्जाचा नोंदणी क्रमांक व तारीख, नकाराच्या पत्राचा क्रमांक व तारीख. खाली साधारण असं:

‘मी दि. 3 मार्च रोजी माहिती मागितली. दि. 28 मार्च रोजी मिळालेल्या उत्तरात कलम 8(1)(एच) चा उल्लेख करून संपूर्ण माहिती नाकारली आहे. माहिती दिल्याने चौकशीला नेमका कोणता अडथळा येईल, याचं एकही कारण उत्तरात दिलेलं नाही. कलम 19(5) नुसार नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी जन माहिती अधिकाऱ्यांवर आहे. फक्त चौकशी सुरू आहे म्हणून माहिती नाकारता येत नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने भगत सिंग विरुद्ध मुख्य माहिती आयुक्त या प्रकरणात 3 डिसेंबर 2007 रोजी म्हटलं आहे. तक्रारदार मी स्वतःच आहे. माझ्या तक्रारीवर कोणत्या तारखेला काय झालं आणि फाईल कुणाकडे आहे, हे मला सांगितल्याने कोणताही पुरावा नष्ट होणार नाही. नोटिशीची प्रत तर एजंटकडे आधीच आहे. तरीही एखादा भाग खरोखर रोखणं आवश्यक असेल, तर कलम 10 नुसार तो भाग वगळून उरलेली माहिती द्यावी.’

शेवटी मागणी: ‘मुद्दा 1 ते 3 ची माहिती ठरावीक दिवसांत देण्याचा आदेश व्हावा. मी कुवेतमध्ये असल्याने सुनावणीला हजर राहू शकत नाही, माझं लेखी म्हणणं विचारात घेऊन निर्णय द्यावा.’ सही, तारीख. सोबत अर्जाची आणि नकाराची प्रत जोडा.

यातलं ‘तक्रारदार मी स्वतःच’ आणि ‘नोटीस एजंटकडे आधीच आहे’ ही दोन वाक्यं सगळ्यात जड आहेत असं मला वाटतं. निकालाचं नाव कुणीही टाकेल. पण मागितलेल्या एकेका कागदाने अडथळा का येत नाही हे तुम्ही सांगितलंत, तर वरच्या अधिकाऱ्याला नकार कायम ठेवायला नवं कारण शोधावं लागतं. एजंटच्या उत्तराबद्दल मात्र ते म्हणू शकतात की हा तिसऱ्या माणसाचा कागद आहे. तेव्हा कलम 11 खाली त्याला विचारावं लागतं. विचारणं म्हणजे त्याची परवानगी घेणं नव्हे, त्याच्या ‘नको’वर अधिकारी बांधील नाही. तरी या एका कागदापायी बाकीचे दोन अडकू नयेत, म्हणून कलम 10 चं वाक्य ठेवायचंच.

बरेच जण इथे चुकतात: अपिलात सगळी कहाणी लिहितात. एजंट कसा फसवा, व्याज किती चढलं, बायकोचे दागिने कुठे गेले. दुःख खरं आहे, पण हा अधिकारी पैसे परत मिळवून देऊ शकत नाही. त्याच्यापुढे प्रश्न एकच आहे: ही माहिती नाकारणं बरोबर होतं का? अपिलात नवीन माहितीही मागू नका, त्यासाठी वेगळा अर्ज करा. दंडाची मागणीही इथे चालत नाही. रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000, हा दंड फक्त माहिती आयोग लावतो.

पाठवायचं कसं? अर्ज rtionline.gov.in वरून केला असेल तर तिथेच ‘Submit First Appeal’ उघडा, नोंदणी क्रमांक आणि ईमेल भरा आणि कारणात माहिती नाकारल्याचा पर्याय निवडा. देवनागरी मजकूर खिडकीत टाकण्यापेक्षा सही केलेल्या कागदाची पीडीएफ जोडलेली बरी. महाराष्ट्र सरकारच्या कार्यालयाचा मामला वेगळा. तिथे जोडपत्र ‘ब’ चा नमुना आणि 20 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. तहसील कार्यालयातलं काम असेल तर सही केलेला कागद घरी पाठवा, भाऊ किंवा वहिनी स्टॅम्प लावून आवक कक्षात देतील. पोच घ्यायला मात्र सांगा, शिक्का आणि तारखेसकट. पोच नसेल तर अपील केलं हे पुढे कशावर दाखवणार?

अपिलावर निर्णय 30 दिवसांत व्हायला हवा. लेखी कारण देऊन तो 45 दिवसांपर्यंत नेता येतो. सुताराने 10 एप्रिलला अपील केलं, तर साधी मुदत 10 मे आणि ताणून 25 मे. आदेश आला तर त्यात मुद्दा 1, 2, 3 ला वेगवेगळं उत्तर आहे का ते पाहा. ‘जन माहिती अधिकाऱ्यांचं उत्तर योग्य आहे’ एवढीच ओळ असेल, किंवा 25 मे उलटूनही काहीच आलं नाही, तर पुढची पायरी दुसरं अपील: केंद्राच्या कार्यालयाचं दिल्लीतल्या केंद्रीय माहिती आयोगाकडे, राज्याच्या कार्यालयाचं राज्य माहिती आयोगाकडे. त्याला 90 दिवस मिळतात. तिथे हाच पहिल्या अपिलाचा कागद आणि त्याची पोच जोडावी लागते.

ज्यांच्याकडे नकाराची पत्रं आहेत त्यांनी ती घेऊन थांबा. पाकिटावरचा शिक्का किंवा ईमेलची तारीख आधी दाखवा, दिवस मोजू आणि मग लिहायला बसू.