फोनला करपा कळतो, पण कुठला?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "दादा, रानात रेंज नसते, मग ते पानाचा फोटो काढून रोग सांगणारं ॲप चालतं कसं?" तर आज तेच.

चालतं, कारण मॉडेल फोनमध्येच असतं. मोबाइलनेट व्ही-टू नावाचं एक मॉडेल खास फोनसाठी बनवलंय. त्यात साधारण ३४ लाख आकडे असतात. प्रत्येक आकडा ४ बाइटचा धरला तर झाले १४ एमबीच्या आसपास. तेच आकडे १ बाइटमध्ये बसवले, ज्याला क्वांटायझेशन म्हणतात, की साडेतीन एमबी. व्हॉट्सॲपवर येणारा लग्नाचा व्हिडिओ याच्यापेक्षा मोठा असतो! म्हणजे नेट नसणं ही खरी अडचण नाहीच. खरी अडचण फोटोत आहे.

टोमॅटोचं घ्या. नारायणगावकडे कुणालाही विचारा, करपा दोन तऱ्हेचा. लवकर येणाऱ्या करप्यात तपकिरी ठिपका आणि त्यात गोल गोल कडी, लाकूड कापल्यावर दिसतात तशी. उशिरा येणाऱ्या करप्यात पाण्यानं भिजल्यासारखे डाग, आणि दमट हवेत सकाळी पान उलटं केलं की डागाच्या कडेला पांढरी बुरशी. दुसरा गार, ओल्या हवेत काही दिवसांत अख्खा प्लॉट झोपवतो. दोघांची औषधंही सारखी नाहीत. त्यामुळे ॲपनं नुसतं "करपा" म्हणून भागत नाही.

आता हिशोब करू. तुम्ही उभ्यानं फोटो काढला, चौकोनात ४५ सेंटिमीटर झाड आलं. कॅमेरा कितीही मेगापिक्सेलचा असो, मॉडेलला देताना तो फोटो २२४ बाय २२४ पिक्सेलचा होतो. म्हणजे ५ मिलिमीटरचा ठिपका उरला जेमतेम अडीच पिक्सेल. त्यात कडी कुठून दिसणार? तेच वाकून, एकच पान चौकोनात भरून घेतलं, समजा ९ सेंटिमीटर, तर तोच ठिपका १२ पिक्सेल होतो. आता काहीतरी दिसतं. म्हणून मला स्क्रीनवर चौकट दाखवून "पान यात बसवा" म्हणणारं ॲप जास्त पटतं.

दुसरी गंमत शिकवणीतली. प्लँटव्हिलेज नावाचा फोटोंचा मोठा संच आहे: ५४,३०६ फोटो, १४ पिकं, ३८ गट. २०१६ मध्ये मोहंती, ह्यूज आणि सलाते यांनी त्यावर मॉडेल शिकवलं आणि ९९.३५ टक्के बरोबर उत्तरं आली. भारीच की! पण त्यांनीच बाहेरचे, वेगळ्या ठिकाणचे फोटो दिले, तर आकडा ३१ टक्क्यांवर आला. हे त्यांनी स्वतःच प्रामाणिकपणे लिहिलंय.

असं का? त्या संचातली पानं तोडून, साध्या कागदावर ठेवून काढलेली. एका गटाचे फोटो बऱ्याचदा एकाच उजेडात, एकाच बैठकीत. २०२२ मध्ये एका अभ्यासात पान सोडून फक्त पार्श्वभूमीचे ८ पिक्सेल मॉडेलला दिले. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर! ३८ गटांत नुसता अंदाज मारला तर ३ टक्केही येत नाहीत. म्हणजे मॉडेल रोगाबरोबर कागदही शिकत होतं. तुमच्या रानात कागद नाही. तिथे माती, मल्चिंग पेपर, सुतळी आणि मागे दुसरी पानं.

म्हणून कुणी "९९ टक्के" म्हणालं की मी एकच विचारतो: तपासणीचे फोटो कुठले? एकाच झाडाचे दहा फोटो घेऊन आठ शिकवायला आणि दोन तपासायला ठेवले, तर ती परीक्षा नव्हे, पेपर फुटलाय! अख्खा एक प्लॉट बाजूला ठेवायचा, त्यातला एकही फोटो शिकवणीत नाही, आणि त्यावर मोजायचं.

अजून एक करून बघा. ॲपला चपलेचा फोटो द्या. साधं मॉडेल तरी "करपा" किंवा "निरोगी" काहीतरी सांगणारच, कदाचित खूप खात्रीनं. त्याच्याकडे जेवढे गट आहेत त्यांच्यातच ते शंभर टक्के वाटून टाकतं. "माहीत नाही" हा गटच नसतो. बनवणाऱ्यानं "पान नाही" असा वेगळा गट शिकवायला हवा, आणि टक्का कमी आला तर उत्तर न देता दुसरा फोटो मागायला हवा.

टोमॅटोत तो दुसरा फोटो पानाच्या खालच्या बाजूचा मागावा. पांढरी बुरशी तिथेच सापडते, आणि वरून काढलेल्या फोटोत ती नसते. मग मॉडेल केवढंही मोठं आणा. सकाळी दव असतानाच काढा, दुपारी ऊन तापलं की ती दिसेनाशी होते.

पुढच्या भागात मिरचीचा बोकड्या. तिथे डाग नसून पानाचा आकारच बदलतो, त्यामुळे भानगड वेगळी आहे. चला, भेटू!