पालथं न पडणाऱ्या बाळाचं हाड मोडतं तेव्हा

मी बाळांच्या वॉर्डात काम करणारी डॉक्टर. मिहानच्या आजूबाजूला, खापरीपासून जामठ्यापर्यंत, आता किती भाड्याच्या खोल्या झाल्या आहेत ते तुम्ही रोजच बघता. कामासाठी आलेली जोडपी, सासर-माहेर दोन्ही लांब, आणि मांडीवर तीन-चार महिन्यांचं बाळ. मिहानमध्येच एम्सचं मोठं रुग्णालय आहे, त्यामुळं बाळाला काही झालं की इथल्या बाया लवकर दवाखान्यात पोचू शकतात. आज बोलायचं आहे ते तिथं पोचल्यावर पुढं काय होतं याबद्दल. कारण हाड मोडलेलं तान्हं बाळ आलं की डॉक्टर खूप प्रश्न विचारतात, खूप एक्स-रे काढतात, पोलिसांनाही कळवतात, आणि घरचे म्हणतात, "आम्ही काय गुन्हेगार आहोत का?"

एक गोष्ट सांगते. ती एका घराची नाही, अशा बाळांबाबत जे नेहमी घडतं ते जुळवून मी ती रचली आहे. साडेतीन महिन्यांचा मुलगा. आई वीस-एकवीस वर्षांची. बाळ सकाळपासून डावा पाय हलवत नाही, लंगोट बदलताना किंचाळतं, म्हणून ती घेऊन आली. शेजारच्या काकू सोबत होत्या. एक्स-रेत मांडीचं हाड मोडलेलं दिसलं.

पहिला प्रश्न साधा असतो, कसं झालं? आई म्हणाली, "मला माहीत नाही, रात्री झोपला तेव्हा बरा होता." तासाभरानं वडील आले. ते म्हणाले, "खाटेवरून गडगडला." दोन्ही उत्तरं डॉक्टरांनी जशीच्या तशी, त्याच शब्दांत, वेळेसकट लिहून घेतली. आता तुम्ही सगळ्या पोरं वाढवलेल्या बाया आहात. साडेतीन महिन्यांचं बाळ गडगडतं का? एखादं वळतं, नाही असं नाही. म्हणून डॉक्टर आईला विचारतात, हा अजून कुशीवर वळतो का? ती म्हणाली, "नाही, मान आत्ता कुठं धरायला लागला." म्हणजे सांगितलेली गोष्ट आणि बाळाची ताकद यांचा मेळ बसला नाही.

हा मेळ हीच मुख्य गोष्ट आहे. दीड-दोन वर्षांचं चालतं पोर अंगणात पाय मुरगळून पडतं आणि नडगीच्या हाडाला पीळ पडल्यासारखी बारीक चीर जाते. ते नेहमीचं आहे, त्यात कोणी संशय घेत नाही. पण जे बाळ रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याचं हाड स्वतःच्या जोरानं मोडत नाही. तिथं एक तर बाहेरून जोर लागलेला असतो, नाहीतर हाडातच काही दुखणं असतं. या दोन्हींचा शोध घ्यायचा असतो, आणि दोन्ही एकाच वेळी.

म्हणून दोन वर्षांच्या आतल्या अशा बाळाच्या सगळ्या सांगाड्याचे एक्स-रे काढतात. डोकं, छाती, पाठीचा कणा, कंबर, प्रत्येक हात, प्रत्येक पाय, पंजेसुद्धा, असे सगळे वेगवेगळे. छातीचे तर तिरक्या बाजूनंही. वीसेक फोटो होतात. कधी कधी घाईत अख्खं बाळ एकाच फोटोत घेतात. त्याचा काही उपयोग नाही, कारण आपल्याला जे शोधायचं असतं ते तांदळाच्या कणीएवढं असतं आणि मोठ्या फोटोत हरवून जातं. "इतक्या किरणांनी बाळाला त्रास नाही का होणार?" असं आया विचारतात. विचारायलाच हवं. किरणं लागतात, पण थोडी. आणि लपलेली दुखापत तशीच ठेवून बाळाला घरी पाठवणं त्याहून कितीतरी धोक्याचं.

आपल्या बाळाच्या फोटोत दोन गोष्टी निघाल्या. पहिली बरगड्यांत. पाठीच्या बाजूला, मणक्याजवळ, तीन बरगड्यांवर गाठीसारखा गोळा. हाड मोडलं की निसर्ग त्यावर नवं हाड चढवतो, तो हा गोळा. मोडल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी तो दिसायला लागतो. म्हणजे बरगड्या आदल्या रात्री मोडलेल्या नव्हत्या. मांडीच्या हाडावर मात्र असा गोळा नव्हता, ते ताजं होतं. दोन वेळच्या दुखापती, आणि घरचे सांगतात एकच पडणं. अमुक दिवशी मोडलं असं एक्स-रेवरून सांगता येत नाही. अंदाज आठवड्यांचा असतो, तारखेचा नाही.

बरगडी मणक्याजवळ का मोडली तेही समजून घ्या. दोन्ही पंजांत बाळाची छाती धरा, अंगठे पुढं, बोटं पाठीवर, आणि आवळा. बरगडी मागं मणक्याच्या हाडावर टेकते आणि तिथंच तडकते. सरळ पडल्यावर ती सहसा तिथं मोडत नाही. तान्ह्या बाळाच्या बरगड्या खोकल्यानं किंवा कडेवर उचलल्यानंही मोडत नाहीत, त्या लवचीक असतात.

दुसरी गोष्ट गुडघ्याखाली. नडगीच्या हाडाच्या वाढत्या टोकाला, कोपऱ्यावर, बारीक टवका उडालेला. पाय जोरानं हिसकला, पिरगळला, किंवा बाळाला गदागदा हलवताना हातपाय झोके खाऊ लागले, तर हा टवका उडतो. वरून सूजही नसते. डोळ्यांना दिसणार नाही, हाताला लागणार नाही.

हे ओळखायला डॉक्टरांनाही उशीर लागला. न्यूयॉर्कमध्ये जॉन कॅफी नावाच्या, एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांनी १९४६ साली सहा बाळांबद्दल लिहिलं. सगळ्यांच्या डोक्यात रक्त साचलेलं आणि हातापायांची हाडं मोडलेली, पण हाडांचा रोग कोणालाच नव्हता. त्यांनी मार लागल्याची शंका मांडली. हे उघड नाव घेऊन बोलायला १९६२ उजाडावं लागलं. ते काम डॉ. केम्प आणि त्यांच्या सोबत्यांनी केलं.

डोक्यात रक्त साचण्याची भीती आहे म्हणूनच आपल्या बाळाच्या डोक्याचा स्कॅन केला, डोळ्यांचा पडदा तपासला. ते ठीक निघालं. मग रक्त तपासलं, कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व आणि हाडांची इतर मापं. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे का ते पाहिलं, कारण काचेसारखी ठिसूळ हाडं असण्याचा एक जन्मजात आजार असतो आणि त्याची ती एक खूण आहे. घरात कोणाची हाडं वारंवार मोडतात का, तेही विचारलं. काही सापडलं नाही.

इथं मालीशीबद्दल बोलायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई मुद्दा टाळून राहिली. साध्या तेलमालीशीनं हाड मोडत नाही. पण बाळाला एका पायाला धरून उलटं लटकवणं, हात-पाय झटका देऊन ताणणं, हे काही ठिकाणी अजून चालतं. ते करू नका. आणि होत असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लपवलं तर संशय भलत्याच माणसावर जातो.

आता लिहिण्याचं काम, कारण पुढचं सगळं त्यावर उभं असतं. बाळाच्या फायलीत कोण काय बोललं ते त्याच्या नावानं आणि वेळेसकट लिहायचं. गेल्या दोन-तीन दिवसांत बाळ कोणाकोणाजवळ होतं ते लिहायचं. अंगावरची प्रत्येक खूण कुठं आहे, किती सेंटिमीटर आहे हे लिहून पट्टी ठेवून फोटो घ्यायचा. आपल्या बाळांच्या कमरेवर जन्मापासून निळसर काळा डाग असतो, तो मार नाही, आणि तसंही लिहून ठेवायचं. उलट कानावर, गालावर, ओठाच्या आतल्या कातडीवर नवी खूण दिसली तर ती छोटी म्हणून सोडायची नाही. आणि फायलीत "बापानं मारलं" असं डॉक्टर लिहीत नाहीत. "सांगितलेली हकिकत आणि दुखापत जुळत नाहीत" एवढंच लिहितात. एक्स-रे काय झालं ते दाखवतो. कोणी केलं ते दाखवत नाही.

मग पोलीस केसची नोंद होते. ती करायला आई-बापाची परवानगी लागत नाही, आणि ती म्हणजे आरोप सिद्ध झाला असंही नाही. बाळ कुठं सुरक्षित राहील हे बाल कल्याण समिती ठरवते. या गोष्टीत आई आणि बाळ आजीकडे गेले. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढले, आणि आणखी एका बरगडीवर गोळा दिसला. पहिल्या दिवशी ती मोड इतकी ताजी होती की फोटोत दिसलीच नव्हती. ही दुसरी फेरी अनेक घरं चुकवतात. "पाय बरा झाला, आता कशाला" म्हणतात. चुकवू नका.

दुसरी गोष्टही ऐका, ती छोटी आहे. दिवस भरायच्या आत जन्मलेली पाच महिन्यांची मुलगी, हात मोडलेला. आळीनं आधीच ठरवलं होतं, आईचंच काम. सगळे एक्स-रे काढले तर मनगटाची हाडं टोकाला फिसकटलेली, वाटीसारखी खोलगट. रक्तात ड जीवनसत्त्व फार कमी. मुडदूस. आईलाही तीच कमतरता. औषध सुरू झालं. त्या आईची सुटका त्याच एक्स-रेंनी केली, ज्यांना घरचे नको म्हणत होते.

एका गटातल्या ताईंनी विचारलं होतं, शेजारच्या बाळाबद्दल शंका आली तर काय करायचं? भांडायला जाऊ नका, गल्लीत बोभाटा करू नका. आईजवळ एकटीजवळ बसा, "बाळ पाय हलवत नाही, चल मी येते सोबत" म्हणा. पाय ओढून बघू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. मऊ दुपट्याच्या घडीवर पाय आहे तसा टेकवून दवाखान्यात न्या. आणि तिला येऊ देत नसतील तर १०९८ लावा. हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. बाळ किती महिन्यांचं आहे, कधीपासून रडतंय, तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं, एवढंच सांगा. ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे असं सांगा.