स्नेहसंमेलनात आपलं स्वागत

नमस्कार आयांनो, बाबांनो, आजी-आजोबांनो. वार्षिक स्नेहसंमेलनात आम्हा सर्व शिक्षकांकडून आपलं स्वागत.

धानाची रोवणी लागली की लहान लेकरं सांभाळायला मोठी मुलगी घरी थांबते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत जाते. यंदा गटातल्या बायांनी पाळी लावली. रोज एकीनं रोवणीला न जाता सगळ्यांची लेकरं सांभाळली. तिची बुडालेली मजुरी बाकीच्यांनी मिळून भरून दिली. म्हणून रोवणीतही मुली वर्गात बसल्या. त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.

आता त्याच मुली दंडार सादर करतील. पूर्वी दंडारीत बाईचं सोंगही पुरुषच घेत. आज पाटलाचं सोंगही मुलीच घेणार आहेत. टाळ्या जोरात वाजवा!