महिन्याचं टार्गेट आणि रोजची विक्री

हिवाळा लागला की नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढते, शहराभोवतीच्या पथारींवर मिरची वाळू लागते आणि पुढे तिचं तिखट होऊन पाकिटांतून गावोगावच्या दुकानांत जातं. असं तिखट विकणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याकडे दोन याद्या असतात. एक रोजच्या विक्रीची : तारीख, तालुका, रक्कम. दुसरी टार्गेटची : महिना, तालुका, रक्कम. पहिल्या यादीत एका तालुक्याच्या महिन्याभरात वीस-पंचवीस ओळी येतात, दुसरीत एकच. महिनाअखेरीस या दोन याद्या जोडताना होणारी एक चूक आज मला मांडायची आहे. ती चूक विक्रीला हातही लावत नाही, पण टार्गेट कित्येक पटींनी फुगवते आणि कोण पुढे, कोण मागे हा निवाडाच उलटा करते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते आहेत. समजा, नोव्हेंबरसाठी शहाद्याचं टार्गेट तीन लाख रुपये आहे आणि अक्राणीचं चाळीस हजार. शहाद्यात दुकानं रोज उघडी असतात, म्हणून तिथे विक्रीच्या २५ ओळी झाल्या आणि एकूण विक्री २ लाख ४० हजार. अक्राणीत माल फक्त आठवडी बाजाराच्या दिवशी गेला; ओळी चार, विक्री वीस हजार. म्हणजे शहाद्याने टार्गेटच्या ८० टक्के काम केलं, अक्राणीने ५० टक्के. आता हिशेब ठेवणारा विक्रीच्या यादीत एक नवा रकाना घालतो आणि VLOOKUP लावून प्रत्येक ओळीपुढे त्या तालुक्याचं टार्गेट आणतो. सूत्र बरोबर चालतं, कुठेही लाल खूण येत नाही. पण शहाद्याचे तीन लाख आता २५ ओळींवर २५ वेळा लिहिले गेले आहेत. खाली बेरीज घेतली की टार्गेट होतं ७५ लाख, आणि काम दिसतं ३.२ टक्के. अक्राणीचे चाळीस हजार चारच वेळा आले, टार्गेट झालं १ लाख ६० हजार, काम दिसतं साडेबारा टक्के.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ७५ लाखांचा आकडा पाहून कोणाच्याही लक्षात येईल. एवढी ढोबळ चूक टिकणार कशी? आकडा समोर असेल तर लक्षात येईलही. पण वरिष्ठांपुढे बहुधा टक्के जातात, तेही चढत्या-उतरत्या क्रमाने लावलेले. सगळेच टक्के कमी दिसले की महिना मंदीचा गेला असं वाटतं आणि नजर थेट क्रमावर जाते. त्या क्रमात अक्राणी शहाद्याच्या वर गेलेली असते. प्रत्येक तालुक्याचं टार्गेट त्याच्या ओळींच्या संख्येने गुणलं गेलं, म्हणून ज्याने जास्त दिवस माल विकला त्याचं टार्गेट जास्त फुगलं. यादीत दिवसाऐवजी प्रत्येक बिलाची ओळ असेल तर आणखी वाईट : जितकी बिलं जास्त, तितकं टार्गेट मोठं. मेहनत करणाऱ्या विक्रेत्यालाच हा हिशेब मागे टाकतो. त्यावर इन्सेंटिव्ह ठरत असेल तर तो अन्याय आहे, आणि तो कोणी जाणूनबुजून केलेला नसतो म्हणून सापडतही नाही.

दुसरा आक्षेप जाणकारांचा. ते म्हणतील, बेरीज न घेता सर्वांत मोठी किंमत घ्या, म्हणजे MAX; टार्गेट एकदाच मोजलं जाईल. एका तालुक्यापुरतं ते खरं आहे. पण शहादा आणि अक्राणी मिळून आकडा काढताच MAX तीन लाखच सांगेल, खरी बेरीज मात्र ३ लाख ४० हजार आहे. कोणी म्हणेल, वेगवेगळे आकडे एकेकदा धरून बेरीज करा. मग तळोदा आणि नवापूर या दोघांचं टार्गेट एक-एक लाख असेल तर त्यातला एक लाख गळून पडेल, कारण आकडा सारखा आहे. हे उपाय दुखणं झाकतात, बरं करत नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. टार्गेटला तीसने भागून रोजचं टार्गेट का करू नये? शिवाय दहा तारखेला आपण कुठे आहोत हे कळायलाही रोजचा आकडा हवाच. गरज खरी आहे, पण भागाकार जपून करावा लागतो. अक्राणीच्या चाळीस हजारांचे तीस भाग केले तर रोजचे सुमारे १,३३३ रुपये होतात. विक्रीच्या ओळी चारच, म्हणून जोडल्यावर टार्गेट उरतं जेमतेम ५,३३३, आणि वीस हजारांच्या विक्रीला ३७५ टक्क्यांची शाबासकी मिळते. रोजचं टार्गेट हवंच असेल तर ते खऱ्या विक्रीच्या दिवसांवर वाटावं : अक्राणीत चार बाजारांना दहा-दहा हजार, शहाद्यात २५ दिवसांना बारा-बारा हजार. ही वाटणी वेगळ्या यादीत ठेवावी, ज्या दिवशी विक्री शून्य त्या दिवसाचीही ओळ असावी, आणि वाटलेल्या भागांची बेरीज मूळ टार्गेटइतकी भरली पाहिजे.

महिनाअखेरच्या हिशेबाला मात्र इतकंही करावं लागत नाही. जुन्या पेढ्यांवर रोजकीर्दीतल्या नोंदी आधी खतावणीत खात्यावार जायच्या आणि शिल्लक खात्यावर पाहिली जायची. इथेही क्रम तोच ठेवायचा. आधी रोजच्या विक्रीची तालुका आणि महिन्यानुसार बेरीज करा, पिव्होट टेबल ते काम क्षणात करतं. आता शहाद्याची एक ओळ, अक्राणीची एक ओळ. मग टार्गेटची यादी पाया धरून तिच्यापुढे ही बेरीज आणा. पाया टार्गेटचाच हवा, कारण ज्या तालुक्यात महिनाभर काहीच विकलं गेलं नाही तो विक्रीच्या यादीत नसतोच. विक्रीला पाया धरलं तर त्याचं टार्गेटही गायब होतं आणि जिल्ह्याचा टक्का उगाच चढतो. जोडताना महिन्यासोबत वर्षही जुळवा, नाहीतर गेल्या नोव्हेंबरचं टार्गेट या नोव्हेंबरला चिकटू शकतं. आणि नावं एकसारखी ठेवा : तालुका अक्राणी, मुख्यालय धडगाव, म्हणून एका यादीत एक आणि दुसरीत दुसरं नाव लिहिलं जाणं आपल्याकडे सहज घडतं. तसं झालं की त्या तालुक्याची विक्री शून्य दिसते.

जोडणी बरोबर झाली की नाही हे ओळखायला तीन आकडे पुरतात. टार्गेटच्या यादीत जोडण्याआधी जितक्या ओळी होत्या तितक्याच नंतर असाव्यात. टार्गेटची एकूण बेरीज आधी आणि नंतर सारखी असावी. विक्रीची बेरीजही तशीच जुळावी. टार्गेट वाढलं तर ते पुन्हा पुन्हा मोजलं गेलं. विक्री घटली तर एखादं नाव जुळलं नाही. व्यापारी, बचत गट, सहकारी संस्था, जो कोणी महिन्याचं टार्गेट ठरवतो त्याने हे तीन आकडे अहवालाच्या तळाशी लिहूनच मागावेत. ते जुळत नाहीत तोवर वरच्या टक्क्यांवरून कोणालाही शाबासकी देऊ नये आणि कोणाला जाबही विचारू नये.